फ्रेममध्ये वरून डोकावणारा बूम माइक: त्याच शॉटमधून ठिगळ कसं लावायचं

अभिनय छान झालेला असतो, आवाज स्वच्छ असतो, फोकस नीट असतो. एडिटला बसल्यावर मात्र दिसतं की संवादाच्या मध्यावर फ्रेमच्या वरच्या कडेतून बूमचं, म्हणजे लांब दांडीवरच्या माइकचं, केसाळ टोक आत आलं आहे आणि दोन सेकंदांनी बाहेर गेलं आहे. असा टेक फेकून देऊ नका. कॅमेरा ट्रायपॉडवर स्थिर असेल तर हे काम एका दुपारी शिकता येतं आणि त्याला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. व्हिडिओ ट्रॅक एकावर एक ठेवता येतील, मास्क काढता येईल आणि ब्लेंड मोड बदलता येईल, एवढी सोय असलेलं कोणतंही एडिटिंग सॉफ्टवेअर पुरतं.

या लेखातली मुख्य पद्धत एकच आहे. बूममागे जी भिंत झाकली गेली, ती त्याच शॉटमध्ये दुसऱ्या कोणत्या तरी क्षणी उघडी असतेच. तो क्षण शोधायचा, भिंतीचा तेवढाच तुकडा उचलायचा आणि बूमवर ठिगळासारखा बसवायचा. बूम झाकणं सोपं असतं. सगळी मेहनत लागते ती ठिगळ दिसू नये यासाठी, म्हणून लेखाचा बराचसा भाग त्याबद्दलच आहे.

आधी मोजा, मग ठरवा

पुसायला घेण्याआधी शॉट एकेक फ्रेम पुढे सरकवत बघा आणि चार गोष्टी कागदावर लिहा: बूम कोणत्या फ्रेमला आत येतो, कोणत्या फ्रेमला पूर्ण बाहेर जातो, वरच्या कडेपासून जास्तीत जास्त किती पिक्सेल खाली उतरतो आणि त्याच वेळी पात्राचं डोकं वरच्या कडेपासून किती अंतरावर असतं.

समजायला सोपं जावं म्हणून संपूर्ण लेखात एकच उदाहरण घेऊ. शॉट 1920×1080 चा आहे, सेकंदाला 25 फ्रेम्स, एकूण 12 सेकंद, म्हणजे 0 ते 299 अशा 300 फ्रेम्स. एक बाई खुर्चीत बसून बोलते आहे. मागे फिकट रंगाची भिंत आहे आणि उजवीकडे पडद्याची कड. 141 व्या फ्रेमला बूम आत येतो आणि 196 व्या फ्रेमनंतर दिसत नाही. सर्वांत खाली तो 158 व्या फ्रेमला उतरतो, तेव्हा त्याची कड 74 पिक्सेलवर असते. पण बूम कॅमेऱ्याच्या जवळ आहे, त्यामुळे तो फोकसमध्ये नाही. त्याच्या कडेखाली आणखी सहाएक पिक्सेलचा धूसर पट्टा आहे. म्हणजे भिंत खरोखर स्वच्छ होते ती 80 पिक्सेलच्या खाली. बाईंचे केस एरवी 210 पिक्सेलवर असतात, पण 178 व्या फ्रेमला त्या सरळ होतात आणि केस 96 पर्यंत वर येतात.

तो धूसर पट्टा मोजायला नवशिके हमखास विसरतात. मास्क दिसणाऱ्या कडेपर्यंतच काढला तर बूम जातो, पण भिंतीवर एक करडी सावली तरंगत राहते. तिच्यामुळे बूम न पुसता ठेवला असता तर बरं झालं असतं असं वाटायला लागतं. चित्राचा कॉन्ट्रास्ट तात्पुरता खूप वाढवून मोजा, मग पट्टा कुठे संपतो ते स्पष्ट दिसतं.

आता पहिला प्रश्न: चित्र थोडं मोठं करून बूम फ्रेमबाहेर ढकलता येईल का? हिशेब सरळ आहे. वरचे 80 पिक्सेल जायला हवेत, तर 1080 ला 1000 ने भागा. उत्तर 1.08, म्हणजे चित्र 108 टक्क्यांपर्यंत मोठं करायचं आणि वाढलेली सगळी उंची वरच्या बाजूने बाहेर जाईल इतकं वर सरकवायचं. शॉट 4के मध्ये घेतला असेल आणि अंतिम फिल्म 1080 मध्ये जाणार असेल, तर यात तपशील अजिबात कमी होत नाही. अशा वेळी हाच उपाय करा आणि मोकळे व्हा. 1080 चाच शॉट असला तरी 108 टक्क्यांपर्यंत मोठं केल्याने येणारा मऊपणा बहुतेकांना जाणवत नाही. खरी अडचण चौकटीची असते. आपल्या उदाहरणात 178 व्या फ्रेमला केस 96 वर आहेत. वरचे 80 गेले तर डोक्यावर सतराच पिक्सेल उरतात. डोकं छताला टेकल्यासारखं दिसेल, आणि समोरच्या पात्राच्या शॉटशी त्याची चौकट जुळणार नाही. म्हणून इथे हा मार्ग सोडून द्यायचा.

फिल्म वर-खाली काळ्या पट्ट्यांसह 2.39:1 मध्ये दाखवायची असेल तर आणखी एक सोय मिळते. 1920 रुंदीच्या चित्रात तेव्हा उंची साधारण 804 पिक्सेल उरते, म्हणजे वर आणि खाली प्रत्येकी 138 पिक्सेल झाकले जातात. 80 पिक्सेल उतरलेला बूम त्या पट्टीखाली आपोआप लपतो. त्यामुळे फिल्म कोणत्या आकारात जाणार आहे ते आधी विचारून घ्या. नाहीतर जे कोणाला दिसणारच नाही ते पुसण्यात दिवस जातो.

ठिगळासाठी स्वच्छ भाग शोधणे

चौकट बदलता येत नाही असं ठरलं की स्वच्छ भाग शोधायचा. बूम 141 ते 196 अशा 56 फ्रेम्स आत आहे. दोन्ही टोकांना दोन-दोन जादा फ्रेम्स धरू, म्हणजे 139 ते 198, एकूण 60. तितक्याच लांबीचा असा भाग हवा ज्यात वरच्या पट्ट्यात बूम नाही, त्याची सावली नाही आणि कोणी हलतही नाही.

इथे बहुतेक जण एक सोपी वाट धरतात: एकच स्वच्छ फ्रेम घेऊन ती स्थिर चित्र म्हणून वर ठेवतात. असं करू नका. कॅमेऱ्याच्या प्रत्येक चित्रात नॉइज, म्हणजे बारीक दाणे, असतो आणि तो दर फ्रेमला बदलतो. सगळी भिंत बारीक वळवळत असताना तिचा एकच तुकडा गोठलेला असेल तर डोळा नेमका तिथेच जातो. का ते प्रेक्षकाला सांगता येणार नाही, पण काहीतरी खटकत राहील. अंधाऱ्या खोलीत, जास्त आयएसओवर घेतलेल्या शॉटमध्ये हे फारच ठळक दिसतं. म्हणून ठिगळ चालत्या व्हिडिओचं घ्या: 60 फ्रेम्सवर 60 फ्रेम्स. मग नॉइजही त्याच कॅमेऱ्याचा, त्याच जातीचा आणि हलता असतो.

भाग शक्यतो जवळच्या वेळेतला निवडा. खिडकीतून येणारा प्रकाश हळूहळू बदलत असतो, त्यामुळे दहा सेकंदांपूर्वीची भिंत आणि आत्ताची भिंत सारखी नसते. आपल्या शॉटमध्ये बूम 196 ला जातो, पण त्याची भिंतीवरची सावली 200 पर्यंत रेंगाळते. म्हणून 203 ते 262 हा भाग घेऊ. बरोबर 60 फ्रेम्स आणि वेळही लगतची.

बसवण्याची कृती अशी. मूळ क्लिप पहिल्या व्हिडिओ ट्रॅकवर आहे. तिचीच प्रत दुसऱ्या ट्रॅकवर बरोबर तिच्यावर ठेवा. प्रतीला 203 च्या सुरुवातीला आणि 263 च्या सुरुवातीला काप द्या, बाकीचं काढून टाका आणि उरलेला 60 फ्रेम्सचा तुकडा डावीकडे सरकवून 139 वर आणा. प्रतीचा आवाज काढून टाका, नाहीतर संवाद दोनदा ऐकू येईल. आता 139 ते 198 या वेळात पडद्यावर फक्त वरचा तुकडा दिसतो, म्हणजे सगळं चित्र चुकीच्या क्षणाचं. त्यातला लागेल तेवढाच भाग ठेवायला मास्क हवा.

मास्क आणि त्याची मऊ कड

प्रीमियरमध्ये `Effect Controls` मधल्या `Opacity` खालच्या पेनने मास्क काढता येतो. डाविंची रिझॉल्व्हमध्ये `Color` पानावर विंडो काढायची, नोड्सच्या मोकळ्या जागेत उजवी क्लिक करून `Add Alpha Output` घ्यायचं आणि नोडचं निळं टोक त्याला जोडायचं. इतर सॉफ्टवेअरमध्ये नावं वेगळी असतील, काम तेच.

मास्कचा आकार बूमच्या बाह्यरेषेबरहुकूम काढू नका. साधा चौकोनी किंवा किंचित गोलसर आकार पुरतो. बूम आडवा जिथे जिथे फिरतो ती सगळी जागा त्यात आली पाहिजे. आपल्या शॉटमध्ये तो डावीकडून मोजलं तर 1010 ते 1180 पिक्सेलच्या दरम्यान राहतो, म्हणून मास्क 980 ते 1210 पर्यंत. स्थिर मास्कने भागत असेल तर तो हलवू नका. हलणाऱ्या मास्कची कड भिंतीवरून सरकते आणि प्रकाशात थोडा जरी फरक असला तरी ते सरकणं दिसतं. स्थिर कड बरीच माफ होते.

खालची कड हा या कामातला सर्वांत नाजूक भाग. मऊपणा, म्हणजे फेदर, रेषेच्या दोन्ही बाजूंना पसरतो हे लक्षात ठेवा. आपल्याला 80 पिक्सेलपर्यंत ठिगळ पूर्ण घट्ट हवं, कारण तिथपर्यंत बूमची धूसरता आहे. आणि 96 वर केस येतात, म्हणून त्याआधी ठिगळ पूर्ण संपलं पाहिजे. तेव्हा रेषा 87 वर ठेवा आणि फेदर एकूण 14 चा, सात वर आणि सात खाली. ठिगळ 80 पर्यंत घट्ट, 94 ला संपलेलं, आणि केस त्याखाली दोन पिक्सेलवर सुरक्षित. फेदरचे आकडे प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये सारखेच पिक्सेल असतील असं नाही. म्हणून आकडा टाकून विसंबू नका. मास्कचा काळा-पांढरा नकाशा बघता येत असेल तर तो बघून कड कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते तपासा.

वरच्या कडेला मात्र उलटं. तिथे मास्क फ्रेमच्या बाहेर भरपूर वर, शंभरेक पिक्सेल, नेऊन ठेवा. मास्कची वरची रेषा फ्रेमच्या कडेवरच ठेवली तर फेदर तिथेही लागतो, ठिगळ अर्धपारदर्शक होतं आणि अगदी वरच्या काही ओळींतून बूमचं भूत डोकावतं. मॉनिटरमधलं चित्र थोडं लहान करून बघितलं, म्हणजे फ्रेमभोवतीची मोकळी जागा दिसली, की मास्कचे कोपरे बाहेर ओढता येतात.

जोड कुठे दिसतो ते कसं शोधायचं

आता चालवून बघा. बूम गेला असेल आणि छान वाटेल. लगेच समाधान मानू नका. आपण आत्ताच तासभर त्या जागेकडे बघत बसलेलो असतो, त्यामुळे नजर सरावलेली असते. इथे एक खात्रीची चाचणी आहे. मास्क तात्पुरता बंद करा आणि वरच्या क्लिपचा ब्लेंड मोड `Difference` करा. दोन चित्रं जिथे तंतोतंत सारखी असतील तिथे काळं दिसेल आणि जिथे फरक असेल तिथे उजळ. वर एक करेक्शन टाकून सगळं चार-पाचपट उजळ करा, म्हणजे लहान फरकही उघडे पडतील.

त्या चित्रात बूम आणि बाई चमकतील, ते साहजिक आहे. तुम्ही बघायचं ते भिंतीकडे. ती काळी असून फक्त नॉइजचे ठिपके नाचत असतील तर ठिगळ उत्तम जुळलं आहे. तसं नसेल तर चुकण्याचं कारण बहुधा पुढच्या तीनपैकी एक असतं, आणि प्रत्येकाची खूण वेगळी असते.

भिंत सगळीकडे एकसारखी राखाडी दिसत असेल तर प्रकाश बदलला आहे. मास्क परत सुरू करा, ब्लेंड मोड पूर्ववत करा आणि कलर पिकरने जोडाच्या दोन्ही बाजूंची भिंत मोजा. आपल्या शॉटमध्ये 141 व्या फ्रेमला मूळ भिंत 255 पैकी 118 आहे आणि ठिगळ 121, कारण मधल्या काळात बाहेर ऊन वाढलं. 118 ला 121 ने भागलं की 0.975 येतं, तेवढा गेन, म्हणजे उजेडाचा गुणक, तिथे कीफ्रेम देऊन ठिगळाला द्या. तीनचा फरक आकड्यात किरकोळ वाटतो, पण सपाट भिंतीवर तो स्पष्ट चौकोन म्हणून दिसतो. शेवटाकडे, 196 व्या फ्रेमला, फरक एकावरच येतो, म्हणून तिथे गेन 0.992 चा कीफ्रेम द्या आणि मधलं सॉफ्टवेअरला भरू द्या. लाल, हिरवा, निळा तिन्ही वेगवेगळे मोजा. ऊन-ढगाने फक्त उजेड बदलत नाही, रंगही बदलतो.

पडद्याच्या कडेला किंवा खिळ्याभोवती पातळ उजळ रेघा दिसत असतील तर कॅमेरा किंचित हलला आहे. ट्रायपॉड लाकडी जमिनीवर असेल आणि कोणी शेजारून चाललं असेल तरी एखाद्या पिक्सेलचा फरक पडतो. ठिगळाची जागा एक पिक्सेल डावी-उजवी, वर-खाली सरकवून रेघा नाहीशा होतात का ते बघा. पूर्ण पिक्सेलनेच सरकवा. अर्ध्या पिक्सेलने सरकवलं की सॉफ्टवेअर शेजारचे पिक्सेल मिसळून नवीन चित्र बनवतं आणि त्यात ठिगळाचा नॉइज मऊ होतो. ऑटोफोकसने शॉटमध्येच फोकस बदलला असेल तर वस्तूंचा आकारही सूक्ष्म वाढतो किंवा कमी होतो. तेव्हा सरकवून भागत नाही, फोकस स्थिरावलेला दुसरा भाग शोधावा लागतो.

आडवे उजळ-काळे पट्टे हळूहळू वर-खाली सरकताना दिसत असतील तर विजेच्या दिव्यांची लुकलुक आणि कॅमेऱ्याचा शटर यांचा मेळ बसलेला नाही. मूळ शॉटमध्येही ते पट्टे असतात, फक्त ठिगळात ते वेगळ्या टप्प्यावर असतात. उपाय असा की ठिगळाचा उगमभाग एकेक फ्रेमने पुढे-मागे सरकवत जा, म्हणजे 203 ऐवजी 204 पासून, मग 205 पासून. पट्टे ठरावीक फ्रेम्सनी पुन्हा त्याच जागी येतात, त्यामुळे कुठे तरी दोन्हींचे पट्टे जुळतात आणि `Difference` चं चित्र एकदम काळं पडतं.

सावली

बूमइतकंच लक्ष त्याच्या सावलीकडे द्या. माइक फ्रेमच्या वरच्या कडेत असतो, पण दिवा कुठे आहे त्यावर सावली फ्रेमच्या मध्यावरही पडू शकते. बूम पुसलेला आणि सावली राहिलेली असे शॉट बऱ्याचदा तसेच पुढे जातात, कारण पुसणाऱ्याचं सगळं लक्ष वरच्या कडेवर असतं. ब्लेंड मोड `Difference` ठेवून शॉट पुन्हा एकदा चालवा आणि या वेळी वर न बघता उरलेल्या भिंतीकडे बघा. आपल्या शॉटमध्ये बाईंच्या डाव्या खांद्यामागे, वरून साधारण 400 पिक्सेलवर, एक मऊ डाग सरकताना दिसतो. तीच सावली.

तो डाग भिंतीवर असेल तर त्याच 60 फ्रेम्सच्या तुकड्याची आणखी एक प्रत वरच्या ट्रॅकवर ठेवा, गेनच्या कीफ्रेम्ससकट, सावली 200 पर्यंत रेंगाळते म्हणून प्रतीचं शेवटचं टोक 202 पर्यंत ओढा, आणि डागाएवढा वेगळा मास्क काढा. सावलीची कड मऊ असते, म्हणून इथे फेदर मोठा चालतो, 60 पिक्सेलसुद्धा. खांदा मात्र टाळा. सावली चेहऱ्यावर किंवा कपड्यावर पडली असेल तर दुसऱ्या क्षणाचं ठिगळ चालत नाही, कारण माणूस त्या क्षणी वेगळ्या स्थितीत असतो. तिथे मूळ चित्रच थोडं उजळ करायचं: मऊ विंडो, सावलीबरोबर हलणारी, आणि तेवढ्याच भागाचा उजेड शेजारच्या त्वचेशी जुळवायचा. हे काम चिकाटीचं आहे. हलकी सावली असेल तरच करा.

लोंबणारी केबल: शेजारून घेतलेलं ठिगळ

बूम येतो आणि जातो. दिव्याची केबल लोंबत असेल तर ती शॉटच्या पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत तिथेच असते. म्हणजे स्वच्छ क्षणच नाही. पण केबल बारीक असते, आणि तिच्या शेजारची भिंत जवळजवळ तशीच असते. म्हणून इथे ठिगळ वेळेतून न घेता जागेतून घ्यायचं.

समजा केबल 6 पिक्सेल रुंद आहे. क्लिपची प्रत वरच्या ट्रॅकवर ठेवा, वेळ जराही न सरकवता. ती 24 पिक्सेल उजवीकडे सरकवा, म्हणजे केबलच्या जागी तिच्या डाव्या बाजूची भिंत येईल. केबलवर साधारण 10 पिक्सेल रुंदीचा मास्क काढा, फेदर तीन-चार पिक्सेलचा. मास्क सरकवलेल्या क्लिपबरोबर सरकला असेल तर त्याला परत केबलवर आणा. झालं. ठिगळ त्याच फ्रेममधलं असल्यामुळे प्रकाश बदलो, ढग येवो, दिवे लुकलुकोत, ते आपोआप जुळतं. नॉइजही जिवंत असतो.

यात अडचण येते ती भिंतीवर उजेडाचा उतार असेल तेव्हा. दिवा एका बाजूला असेल तर भिंत डावीकडून उजवीकडे गडद होत जाते आणि 24 पिक्सेलवरची भिंत थोडी उजळ असते. सरकवण्याचं अंतर कमी करत न्या. पण केबलची रुंदी अधिक मास्कची मऊ कड याच्या आत जाऊ नका, नाहीतर केबल स्वतःचंच ठिगळ म्हणून परत दिसेल. भिंतीवर आडव्या रेघांचा कागद असेल तर आडवं सरकवणं बिनधोक आहे. उभ्या रेघा असतील तर सरकवण्याचं अंतर रेघांमधल्या अंतराइतकं नेमकं ठेवा. केबल वाऱ्याने डुलत असेल तर मास्क तिच्या पूर्ण झोक्याएवढा रुंद करा, आणि सरकवण्याचं अंतरही त्याच मापाने वाढवा.

सपाट भिंतीवर बूमसाठीही हीच युक्ती चालते, आणि शॉटमध्ये एकही स्वच्छ भाग नसेल तर तोच आधार असतो. पण बूमचा मास्क दोनशेहून जास्त पिक्सेल रुंद असतो, तेवढ्या अंतरावर भिंतीचा उजेड बहुधा बदललेला असतो. म्हणून मी बूमसाठी आधी वेळेतून ठिगळ शोधतो आणि जमलं नाही तरच शेजारी बघतो.

कॅमेरा हलत असेल तर

इथे काम एक पायरी अवघड होतं, पण तत्त्व तेच. ट्रायपॉडवरचा सावकाश पॅन असेल तर बूम आत येण्याआधीची एक स्वच्छ फ्रेम घ्या आणि मागच्या भिंतीचा प्लेनर ट्रॅक करा, म्हणजे त्या सपाट पृष्ठभागाची हालचाल फ्रेमगणिक पकडा. रिझॉल्व्हच्या फ्यूजनमध्ये त्यासाठी `Planar Tracker` आहे, आफ्टर इफेक्ट्ससोबत मोका मिळतं. ट्रॅक करताना आकार भिंतीवर काढा, बूम त्यात येऊ देऊ नका. ट्रॅकर बूमच्या मागे गेला तर ठिगळही बूमबरोबर हलेल. ठिगळ भिंतीला चिकटवल्यावर ते एका फ्रेमचं गोठलेलं चित्र असतं, म्हणून त्याच्यावर नॉइज कृत्रिमरीत्या परत घालावा लागतो. फ्यूजनमधल्या `Film Grain` ने ते होतं. ठिगळ आणि शेजारची भिंत दोन्ही 200 टक्क्यांवर बघत दाण्याचा आकार आणि जोर जुळवा.

वाइड लेन्स असेल तर फ्रेमच्या कडेला सरळ रेषा वाकतात. पॅनमध्ये ठिगळ कडेकडे जाताना भिंत वाकते, ठिगळ वाकत नाही, आणि ते घसरल्यासारखं दिसतं. पाच-सहा फ्रेम्सनी नवीन स्वच्छ फ्रेम घेऊन लहान-लहान ठिगळं लावली तर हे बरंचसं आवरता येतं. कॅमेरा हातात धरलेला असेल आणि मागे जवळच्या-लांबच्या अनेक वस्तू असतील, तर त्या एकमेकींच्या मागून-पुढून सरकतात आणि एका सपाट ठिगळाने काम होत नाही. नवशिक्याने असा शॉट पुसायला घेऊ नये. त्या दोन सेकंदांवर ऐकणाऱ्या पात्राचा शॉट टाका. आवाज तोच चालू राहील आणि दृश्य तुटणार नाही.

केस बूमला खरोखर भिडत असतील तेव्हाही मी हाच सल्ला देईन. केसांच्या कडा फ्रेमगणिक कापत बसणं हे वेगळं कौशल्य आहे. चार-पाच फ्रेम्सचाच प्रश्न असेल तर मास्कची खालची कड तेवढ्यापुरती वर उचलून बघा. त्या क्षणी बूमही वर गेलेला असेल तर सुटका होते. आपल्या उदाहरणात 178 व्या फ्रेमला बूम फक्त 50 वर आहे, म्हणजे केस आणखी थोडे वर आले असते तरी कड उचलायला जागा होती.

कामाचा क्रम

ठिगळ मूळ क्लिपवर लावा: कलर ग्रेडिंगच्या आधी, स्टॅबिलायझेशनच्या आधी, आणि चौकट बदलण्याच्याही आधी. ग्रेड केलेल्या चित्रावर ठिगळ लावलं आणि उद्या ग्रेड बदलला, तर जुळवलेला गेन पुन्हा चुकतो. दोन्ही ट्रॅक एकत्र करून कंपाउंड क्लिप किंवा नेस्ट बनवा आणि पुढचं सगळं त्याच्यावर करा, म्हणजे मूळ आणि ठिगळ दोघांना एकच ग्रेड मिळतो. लॉगमध्ये घेतलेला शॉट असेल तर त्याच्यावर तात्पुरता कॉन्ट्रास्ट चढवून जोड तपासा. लॉगचं फिकट चित्र दोष लपवतं आणि ग्रेड झाल्यावर ते बाहेर येतात.

प्रॉक्सीवर, म्हणजे मूळ फाइल्सच्या हलक्या प्रतींवर, काम केलं असेल तर शेवटी मूळ फाइल्सवर जाऊन सगळं पुन्हा बघा, कारण प्रॉक्सीच्या कॉम्प्रेशनमध्ये नॉइज पुसलेला असतो आणि जोड खरा असतो त्याहून चांगला दिसतो. उलटा प्रकारही होतो. ऑनलाइन टाकायची फाइल कमी बिटरेटवर काढली की सपाट भिंतीवर चौकटी पडतात आणि ठिगळाच्या कडेशी त्या एकत्र येऊन नसलेला जोड उभा करतात. तेव्हा ठिगळाला हात लावण्याआधी तोच भाग जास्त बिटरेटवर काढून बघा. जोड गेला तर दोष एन्कोडिंगचा आहे.

शेवटची तपासणी मोठ्या पडद्यावर, अंधारात, आवाज बंद ठेवून करा. 139 ते 198 हा तुकडा पुढेमागे दोन-दोन सेकंद धरून लूपवर लावा आणि फक्त वरच्या कडेकडे बघा. मग शॉट न पाहिलेल्या एखाद्याला बोलवा, काय पुसलं ते न सांगता सगळा सीन दाखवा आणि त्याची नजर 139 आणि 199 या दोन फ्रेम्सच्या आसपास वर जाते का ते बघा. ठिगळ सुरू होताना किंवा संपताना प्रकाशाचा सूक्ष्म झटका राहिला असेल तर तो याच दोन जागी असतो. तिथे ठिगळाला दोन फ्रेम्सचा फेड-इन आणि फेड-आउट द्या. टोकांना ठेवलेल्या जादा फ्रेम्स याचसाठी होत्या.